उताऱ्यात ठराव शोधायचा कसा?

वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी येथील आम्हा कापड व्यापाऱ्यांच्या बैठका आता पुष्कळदा मोबाइलवरच होतात. जो जे बोलेल ते यंत्र लिहून घेते आणि त्याचा उतारा फाइलमध्ये जतन होतो. ही सोय झाल्यापासून इतिवृत्ताची वही कपाटात गेली. काय ठरले असे विचारले की उत्तर मिळते, "उतारा आहे ना!" आमचे म्हणणे असे की उतारा म्हणजे इतिवृत्त नव्हे. त्यात बोललेले सारे असते, ठरलेले मात्र शोधून काढावे लागते.

मार्च २०२४ मधील एका बैठकीचे उदाहरण घेऊ. १९६१ च्या आयकर कायद्यातील ४३ बी कलमाला जोडलेल्या एच पोटकलमाची तेव्हा पेठेत धास्ती होती. सूक्ष्म वा लघु उत्पादकाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यायचे. मुदत टळली आणि वर्षअखेर रक्कम बाकी राहिली, तर तो खर्च पैसे चुकते होतील त्या वर्षीच धरला जाणार. तासभर चर्चा झाली. महिन्याने वाद निघाला की माल देणाऱ्यांकडून उद्यम नोंदणीचे दाखले गोळा करायचे कोणी अंगावर घेतले होते?

उतारा उघडून `Ctrl+F` दाबले आणि "ठरले" हा शब्द घातला. एकच जागा सापडली, आणि तेथे वाक्य होते, "अजून काहीच ठरले नाही." कारण उघड आहे. बोलताना माणूस "ठरलं", "ठरवू" म्हणतो. आमच्या पेठेत तर "तय हुआ" नि "पक्का" हेही चालते. म्हणून पूर्ण शब्द न घालता "ठर" एवढेच घालावे, म्हणजे त्याची सारी रूपे हाती येतात. "तय" आणि "पक्का" वेगळे शोधावेत.

त्याहून चांगली रीत म्हणजे आधी विषय शोधणे. येथे विषय ४५ दिवसांचा. पण यंत्राने तो आकडा कुठे `45`, कुठे "४५", कुठे "पंचेचाळीस", तर कुठे "पैंतालीस" असा लिहिलेला असतो. चारही शोधावे लागतात. मग "उद्यम" शोधावे. सापडलेल्या जागांच्या वेळा कागदावर ओळीने मांडल्या. बाराव्या मिनिटाला कोणी म्हणाले, "सरसकट पंधरा दिवसांत पैसे देऊन टाकू." एकतिसाव्या मिनिटाला कर सल्लागाराने सांगितले की माल देणारा निव्वळ व्यापारी असेल तर त्याला हा नियम लागू नाही. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला एकमत झाले, "आधी दाखले मागवू, मग उत्पादकांशी लेखी करार करू." पहिल्या जागेवर थांबणारा सरसकट पंधरा दिवस हाच निर्णय समजून बसेल. विषयाचा शेवटचा उल्लेख गाठल्याशिवाय निर्णय हाती लागत नाही.

आता राहिले वायदे, म्हणजे कोणी काय करायचे ते. निर्णयाची जागा सापडली की तेथून पुढची दोन-तीन मिनिटे सलग वाचावीत. वायदा बहुधा तेथेच असतो आणि तो क्रियापदात असतो: "मी मागवतो", "मी विचारतो", "भेज देता हूँ". "बघू" हा वायदा नव्हे. आपल्याकडे "बघू" म्हणजे विषय पुढे ढकलला. आमच्या उताऱ्यात "मी मागवतो" सापडले, पण दुकानात एका फोनभोवती चौघे बसले होते आणि यंत्राने चौघांच्या बोलण्याला फोनच्या मालकाचेच नाव लावले होते. अशा वेळी त्या मिनिटाचे ध्वनिमुद्रण ऐकून आवाज ओळखणे हाच उपाय. तारीख आणि रक्कमही ऐकून पडताळावी. "पंधरा"चे "पन्नास" व्हायला वेळ लागत नाही. हे काम आठवड्याच्या आत करावे, कारण पुष्कळ ठिकाणी ध्वनिमुद्रण ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुसले जाते.

आमचे मत असे की शोधून काढलेला निर्णय एकट्या चिटणिसाच्या शब्दावर टिकत नाही. निर्णय, जबाबदार व्यक्ती, तारीख आणि उताऱ्यातील मिनिट, अशा चार रकान्यांत तो वहीत उतरवावा, सर्वांना पाठवावा आणि हरकतीला दोन दिवस द्यावेत. अध्यक्षांनीही प्रत्येक विषय संपताना "ठराव" हा शब्द स्पष्ट उच्चारून निर्णय, नाव आणि तारीख पुन्हा सांगावी. मग महिन्याने एकच शब्द शोधून काम भागेल आणि पेठेत भांडण होणार नाही.