काशीलाभ झाला

धनत्रयोदशीला दक्षिणेकडे तोंड करून दिवा लावला की वर्षातून एकदा आपण घरातल्या घरात यमाचे नाव घेतो. मग भाऊबीजेला, म्हणजे यमद्वितीयेला, पुन्हा एकदा. एरवी तो विषय उंबऱ्याबाहेर. सणासुदीला तर आपण ‘जातो’सुद्धा म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. दुकान बंद करत नाही, वाढवतो. बांगडी फुटली तर ती वाढवली म्हणतो. बोचरा शब्द बाजूला सारून त्याच्या जागी मवाळ शब्द ठेवण्याच्या या रीतीला भाषेचे अभ्यासक सौम्योक्ती म्हणतात. माणूस मेला असे न म्हणता ‘वारला’, ‘गेला’, ‘देवाघरी गेला’, ‘निवर्तला’ म्हणणे हा तिचा सगळ्यात रुळलेला प्रकार.

याची एक वेगळी तऱ्हा काशीच्या दुर्गाघाटावर सापडते. पंचगंगेला लागून उत्तरेला हा घाट, त्यापुढे ब्रह्माघाट. नारायण दीक्षित पाटणकरांचे नाव या घाटाशी जोडलेले आहे, आणि अठराव्या शतकापासून इथल्या गल्ल्यांमधून मराठी कानावर पडत आली आहे. म्हातारपणी महाराष्ट्रातून निघून इथे येऊन राहणे म्हणजे काशीवास, आणि इथे राहून डोळे मिटणे म्हणजे काशीलाभ. ‘आजींना काशीलाभ झाला’ या वाक्यात मरण कुठेच नाही, उलट मिळकत आहे.

वरवर पाहता ही ‘वारले’चीच बहीण. पण दोघींचे काम निराळे. ‘वारले’ म्हणणारा ऐकणाऱ्याला जपतो. ‘काशीलाभ’ म्हणणारा एक दावा करतो: इथे शिव स्वतः मरणाऱ्याच्या कानात तारक मंत्र सांगतो, इथे यमाची सत्ता चालत नाही, जो काही झाडा द्यायचा तो काळभैरवापुढे, आणि त्यानंतर मुक्ती. ज्याची यावर श्रद्धा आहे त्याच्या लेखी ते सरळ वर्णन आहे, त्यात झाकलेले काही नाही. ज्याची नाही त्याला तो मवाळ शब्द वाटतो. गोदौलियाजवळ 1958 पासून चालत असलेल्या, मरणासाठीच खोली देणाऱ्या वास्तूच्या नावात ‘काशी लाभ’ उघड लिहिले आहे. तिथे येणाऱ्याला काय होणार हे ठाऊक असते. ‘वैकुंठवासी’, ‘कैलासवासी’, ‘ख्रिस्तवासी’, ‘पैगंबरवासी’ हे शब्दही याच घरातले. माणूस कोणाचा होता आणि कुठे पोचला असे मागे राहिलेले मानतात, ते त्यातून कळते. ‘महापरिनिर्वाण’ म्हटले की 6 डिसेंबर 1956 हा दिवस आणि बाबासाहेब डोळ्यांपुढे येतात.

मग ‘मेला’ हा शब्द इतका वाईट आहे का? मुळीच नाही. भूक मरते, उन्हाळ्यात मरणाचा उकाडा असतो, हसून हसून आपण मरतो. नातवाचे गाल ओढत आजी ‘मेल्या’ म्हणते ते निव्वळ लाडाने. शब्दाला बंदी नाही. बंदी आहे ती आपल्या माणसाचे नाव आणि हे क्रियापद एका वाक्यात आणण्याला. आदरार्थी अनेकवचनानेही ती उठत नाही: ‘आजोबा मेले’ हे व्याकरणाने शुद्ध आहे, पण तसे म्हणणारा नातू घरात टिकायचा नाही. बोलले की ओढवते ही जुनी भीती त्यामागे असावी. सापाला रात्री ‘लांबडं’ म्हणण्यामागे आणि रोगाला ‘देवी’ म्हणण्यामागे जी होती तीच. पण भीती ओसरली तरी रीत टिकली, कारण तिच्यात माणसाची किंमतही मोजली जाते. वर्तमानपत्र काढून पाहा: मंत्र्याचे निधन होते, मजुराचा मृत्यू होतो आणि अपघातात सापडलेले ठार होतात. मवाळ शब्दांचे वाटपही सगळ्यांना सारखे नसते, आणि हे मला त्यातले सर्वांत न पटणारे अंग वाटते.

मवाळ शब्द झिजतोही. विष्णूचे धाम म्हणून योजलेले ‘वैकुंठ’ पुण्यात स्मशानभूमीचे नाव झाले आणि आज पुणेकराला ‘वैकुंठात नेलं’ म्हटल्यावर विष्णू आठवत नाही. ‘वारले’ तर आता जवळजवळ रोखठोकच झाले आहे. एक शब्द झिजला की पुढचा शोधायचा, असे हे चालू राहते.

पण मवाळ शब्द कुठे अडतो, हेही दुर्गाघाटावरूनच नीट दिसते. अशौचाचे, म्हणजे सुतकाचे, नियम ज्या ‘निर्णयसिंधू’त तपशिलाने आले आहेत, तो ग्रंथ कमलाकरभट्टांनी 1612 मध्ये पुरा केला. पैठणहून काशीला जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातले हे पंडित. आता असे समजा, की दुर्गाघाटावर एका काकूंना कार्तिक शुद्ध पंचमीला काशीलाभ झाला आणि दहा दिवसांचे सुतक असलेला पुतण्या साताऱ्याला आहे. पत्र एकादशीला पोचले. एकाही तिथीचा क्षय धरला नाही तर दहावा दिवस चतुर्दशीला येतो, म्हणजे पुतण्याला उरलेले चार दिवस पाळायचे. पौर्णिमेला तो मोकळा. पत्र वद्य द्वितीयेला पोचले असते, तर दहा दिवस उलटून गेल्यामुळे त्याला तीन रात्रीच. (शुद्ध पक्ष दोन्हीकडे एकाच महिन्यात मोजतात, म्हणून पंचमीच्या तिथीत घोळ नाही, पण वद्य पक्षात काशी आणि सातारा यांच्या महिन्यांची नावे जुळत नाहीत.) हा हिशेब भावनेवर चालत नाही, त्याला तिथी लागते. म्हणून जाणत्या माणसाच्या पत्रात ‘काशीलाभ झाला’ याच्या शेजारी तिथी असे. शब्द मऊ, तारीख टणक.

तारेने ही जोडी मोडली. 2013 च्या जुलैत तारसेवा बंद झाली, पण ‘सीरियस, ताबडतोब निघा’ ही तार कित्येक घरांना आठवत असेल. माणूस आधीच गेलेला असे. प्रवासात धक्का बसू नये म्हणून ‘सीरियस’. परिणाम असा, की येणारा भेटीच्या आशेने दोन रात्री गाडीत काढी आणि दारात पाऊल ठेवताच आशेसकट कोसळे. सौम्योक्तीने वस्तुस्थितीचे दुसरे नाव घ्यावे. तिने वस्तुस्थितीच बदलून सांगितली की ती थाप झाली.

इस्पितळात हाच प्रश्न रोज उभा राहतो. वाईट बातमी कशी सांगावी हे शिकवताना नव्या डॉक्टरांना बजावतात, की आधी बसवा, सावकाश बोला, पण ‘मृत्यू झाला आहे’ हे शब्द एकदा तरी स्पष्ट उच्चारा. ‘ते आपल्यात राहिले नाहीत’ म्हटल्यावर ‘मग कुठल्या वॉर्डात हलवलं?’ असे विचारणारे नातेवाईक भेटतात. त्या घटकेला कान ऐकायला तयार नसतात. लहान मुलांचेही तसेच. ‘आजी झोपली’ सांगितलेले मूल रात्री झोपायला घाबरते, आणि ‘देवाघरी गेली’ सांगितलेले मूल ती परत कधी येणार ते विचारते. मुलाला आधी ‘आजी मेली, ती आता परत येणार नाही’ हे सांगावे, देवाघर त्यानंतर.

सरकारी कागदाने हा गुंता केव्हाच सोडवला आहे. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने 21 दिवसांत नोंद मागितली जाते ती मृत्यूची. वारसनोंदीत खातेदार ‘मयत’ असतो, मग तो पाटील असो की त्याचा गडी. तिथे कोणालाच निधन मिळत नाही.

यंदाच्या अंकात वर्षभरात गेलेल्यांवर स्मरणलेख आहेत. लेखकांनी पाठवलेले ‘काळाच्या पडद्याआड’ आणि ‘अनंतात विलीन’ आम्ही काढले आहेत. घरच्यांनी वापरलेला शब्द मात्र, तो ‘वैकुंठवासी’ असो, ‘परिनिर्वाण’ असो वा ‘काशीलाभ’, तसाच ठेवला आहे, आणि प्रत्येकाखाली मृत्यूची तारीख छापली आहे.