फोटोचं चारकोल स्केच करताना चेहरा गोरा का होतो?

मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीवर घिबली स्टाइलची लाट आली आणि फोटोचं चित्र करून घेणं सगळ्यांच्या हातात आलं. पेन्सिल स्केच तर आता स्टेटसवर रोजच दिसतात. पण नंदुरबारच्या अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीचा फोटो घ्या: डोक्यावर मोरपिसांचा टोप, सावळ्या अंगावर पांढरे ठिपके. नुसतं ‘पेन्सिल स्केच बनव’ लिहिलं तर बऱ्याचदा चेहरा उजळतो आणि ठिपके त्यात विरून जातात. माणूस तोच, पण रंग दुसऱ्याचाच.

याचं कारण मला असं दिसतं, की साध्या पेन्सिल स्केचमध्ये त्वचा म्हणजे कोरा कागद आणि फक्त सावलीला शेडिंग. मॉडेलही तोच साचा उचलतं. म्हणून आधी माध्यम बदला. ग्राफाइट कितीही दाबलं तरी चकाकणारा करडाच रंग देतं, चारकोल मात्र मॅट काळा देतो. सावळ्या चेहऱ्याला ती खोली लागते.

मग छटा सांगा, पण आकड्यांत नको, तुलनेत. मी असं लिहितो:

```
या फोटोचं चारकोल पोर्ट्रेट कर. चेहऱ्याची ठेवण बदलू नकोस.
केस सर्वांत काळे. त्वचा मध्यम-गडद, केसांहून थोडीच फिकी.
कोरा कागद फक्त ठिपक्यांत आणि डोळ्यांतल्या चमकेत.
कागद खरबरीत: दाणा मध्यम छटांत दिसावा, गडद काळ्यात बुजावा.
गालाखाली बोटाने पुसल्यासारखी छटा, गालाच्या वळणाने.
पापण्या आणि ओठांच्या कडा पुसू नकोस.
```

दाण्याची ओळ महत्त्वाची आहे. खऱ्या कागदावर कोळसा उंचवट्यांवर बसतो आणि खळगे पांढरे राहतात, म्हणून दाणा दिसतो. जोरात घासलं की खळगेही भरतात आणि दाणा नाहीसा होतो. चित्र झूम करून पाहा. केसांत, गालावर आणि कोऱ्या कडेला एकसारखाच दाणा असेल, तर ते वरून चिकटवलेलं टेक्स्चर आहे.

पुसण्याचंही तसंच. चित्रकार मऊ सावली पुसतो, डोळ्याची कड नाही. सगळंच धूसर झालं तर ते स्केच न वाटता फोकस हुकलेला फोटो वाटतो.

शेवटची तपासणी फोनमध्येच होते. मूळ फोटोचं सॅच्युरेशन शून्य करा आणि तो स्केचशेजारी ठेवा. गाल आणि ठिपके यांच्यातला फरक दोन्हीकडे साधारण सारखा हवा. कमी वाटला तर पूर्ण प्रॉम्प्ट बदलू नका, ‘त्वचा आणखी एक छटा गडद कर, बाकी तसंच ठेव’ एवढंच लिहा.

एक मर्यादा मात्र राहतेच: ठिपक्यांची संख्या आणि मांडणी मॉडेल स्वतःच्या मनाने बदलू शकतं. ते मूळ फोटोशी ताडून पाहा आणि नक्षी चुकली असेल तर चित्र पुढे पाठवू नका.