पायांचा शुक्रवार

आमच्या भागातल्या जिममध्ये आरशाशेजारी एक तक्ता लावलाय. सोमवारी छाती-ट्रायसेप्स, बुधवारी पाठ-बायसेप्स, शुक्रवारी पाय-खांदे. ‘तीनच दिवस जमेल’ म्हणणाऱ्या प्रत्येक नवख्याला ट्रेनर या तक्त्यापुढे उभं करतो. माझा भाचा वयानं २९ आणि दिवसभर खुर्चीत. पहिल्याच सोमवारी त्याच्याकडून छातीचे चार व्यायाम, प्रत्येकी चार सेट करून घेतले. मंगळवारी त्याला टी-शर्ट डोक्यावरून काढता येईना.

तक्त्याच्या बाजूनं बोलणारे म्हणतात, एक स्नायू पुरता दमवा आणि मग त्याला आठवडाभर विश्रांती द्या. आठवड्यातून सहा दिवस येणाऱ्याला ही वाटणी चालते, कारण त्याची फेरी दोनदा होते. तीन दिवसवाल्याची एकदाच होते. शिवाय नवख्याचा स्नायू साधारण दोन दिवसांत सावरतो. उरलेले दिवस तो नुसता बसून असतो. आणि शुक्रवार म्हणजे ऑफिसची पार्टी, गावची गाडी, नाहीतर पाऊस. एक शुक्रवार हुकला की पाय थेट चौदा दिवसांनी. तालमीत दंड-बैठका एकाच दिवशी मारतात. आज छातीचा वार म्हणून बैठका बंद, असं कुणा वस्तादानं सांगितल्याचं मी तरी ऐकलं नाही.

याहून मोठी चूक वेगळीच आहे. पहिले दोन महिने उचलायचं वजन वाढतं ते बरंचसं स्नायू फुगल्यामुळे नव्हे, तर शरीराला ती हालचाल जमायला लागल्यामुळे. स्क्वॉट ही शिकायची गोष्ट आहे, आणि दर शुक्रवारी एकदा सायकल चालवून कोण सायकल शिकलंय?

म्हणून भाच्याला मी दोनच दिवस लिहून दिले. ‘अ’ दिवशी छातीशी डंबेल धरून स्क्वॉट, बाकावर डंबेल प्रेस आणि बसून केबल ओढणं. ‘ब’ दिवशी रोमेनियन डेडलिफ्ट, खांद्यावरून डंबेल प्रेस आणि लॅट पुलडाउन. शेवटी दोन्ही दिवशी प्लँक. सोमवारी अ, बुधवारी ब, शुक्रवारी अ. पुढच्या सोमवारी ब. पाय, ढकलणं आणि ओढणं, तिन्ही रोज येतात. दिवस हुकला तर वार बघायचा नाही, वहीत जो पुढचा असेल तो करायचा.

पहिल्या आठवड्यात दोन-दोन सेट, मग तीन. ‘सगळं शरीर म्हणजे दोन तास लागतील’ हा आक्षेप हिशेब न करणाऱ्यांचा. चार व्यायामांचे बारा सेट, मध्ये दोन-दोन मिनिटं थांबून, वॉर्मअपसकट पाऊण तासात आटपतात.

वजन असं निवडायचं की आठ रेप्स झाल्यावर आणखी दोन नीट निघाल्या असत्या. भाच्यानं स्क्वॉट १० किलोवर सुरू केला, तिन्ही सेट आठ-आठ. दर खेपेला जमेल तिथे एखादी रेप वाढवायची; तिन्ही सेट बारा-बारा झाले की १२.५ किलो उचलायचं आणि परत आठवर यायचं. स्क्वॉटला हे सुरळीत चाललं. खांद्याच्या प्रेसला अडलं. हातात ७.५ किलो होतं, मांडणीवरचं पुढचं डंबेल १० किलोचं. म्हणजे एका उडीत वजन तिसऱ्या हिश्शानं वाढलं! सहाव्या रेपला कंबर मागे वाकायला लागली. परत ७.५ वर आणलं आणि बाराऐवजी पंधरा रेप्स होईपर्यंत तिथंच ठेवलं. मग १० किलोच्या आठ निघाल्या.

डेडलिफ्टनं मात्र त्रास दिला. दुसऱ्या दिवशी मांडीची मागची बाजू ताणलेली वाटली तर ठीक. नुसती कंबरच धरली असेल तर माणूस पाठीतून वाकतोय. त्याला भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभं केलं, गुडघे जरा सैल सोडून कुल्ले मागे नेत भिंतीला टेकवायला लावले. वजन नाही, काही नाही. दोन खेपांत जमलं. (कंबरेचं जुनं दुखणं असेल तर हा खेळ डॉक्टरांना विचारूनच.)

‘आणि बायसेप्स?’ हा प्रश्न येतोच, बहुधा आरशात बघत. ओढण्याच्या प्रत्येक सेटमध्ये तो राबतोच आहे. तरी मन मानत नसेल तर शेवटी कर्लचे दोन सेट मारा, माझी हरकत नाही.

हे वेळापत्रक जन्मभराचं नाही. पोटभर जेवण आणि झोप असूनही दोन-तीन आठवडे बहुतेक व्यायामांत एकही रेप वाढत नसेल, तेव्हा ते बदलायचं. भाच्याचा चौथा महिना चालू आहे. परवा ट्रेनरनं त्याची वही मागून घेतली, पानं चाळली आणि विचारलं, ‘यात चेस्ट डे कुठाय?’