आरोग्यविचार : दमाचें माप

घरांतील एखादा धट्टाकट्टा तरुण विषमज्वरानें तीन आठवडे अंथरुणास खिळला आणि बरा होऊन उठला, कीं जिना चढतांना त्यास धाप लागते. तापानें पार पिळून काढलें, असें वडील माणसें म्हणतात. ताप हें कारण आहेच. परंतु त्या धापेंत तापाचा वांटा किती आणि नुसत्या पडून राहण्याचा किती, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. त्याचें उत्तर अमेरिकेंतील डॅलस शहरीं १९६६ सालीं मिळालें. सुमारें वीस वर्षें वयाच्या पांच निरोगी तरुणांना तेथें तीन आठवडे केवळ बिछान्यांत पडून राहावयास लावलें व नंतर आठ आठवडे त्यांच्याकडून कसून व्यायाम करून घेतला. त्यांपैकीं तिघे बैठ्या संवयीचे होते व दोघे नित्य व्यायाम करणारे होते. प्रत्येक टप्प्यावर त्यांचा दम मोजला. हा दम मोजतात कसा, आणि त्याला मर्यादा घालतें तें शरीरांतील कोणतें अंग, हें आज पाहूं.

स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटास सुमारें पाव लिटर प्राणवायु खर्च करतो. तो चालूं लागला कीं हा खर्च वाढतो, धांवूं लागला कीं आणखी वाढतो. परंतु ही वाढ अमर्याद नाहीं. एक वेग असा येतो कीं, त्यापुढें पाय अधिक जोरानें चालविले तरी प्राणवायूचा खर्च तेथल्या तेथेंच राहतो. इंग्लंडांतील शरीरशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल व त्यांचे सहकारी लप्टन यांनीं १९२३ सालीं ही गोष्ट स्पष्टपणें मांडली. हिल यांनीं स्वतःच पाठीवर हवेची पिशवी बांधून, निरनिराळ्या वेगांनीं धांवून हे प्रयोग केले, आणि त्यांच्या शरीराची मजल मिनिटास चार लिटरांच्या आसपास येऊन थांबली. या मर्यादेस 'कमाल प्राणवायु-ग्रहण' म्हणतात. तिच्यापलीकडचें धांवणें अशक्य असतें असें नव्हे. पण तें उधारीवर चालतें, आणि अशी उधारी थोड्या मिनिटांपलीकडे कोणासच मिळत नाहीं.

आतां मोजण्याची रीत. ट्रेडमिल म्हणजे विजेवर फिरणारा रुंद पट्टा. मनुष्य त्यावर धांवतो, पट्टा मागें सरकतो, आणि मनुष्य जागच्या जागीं राहतो. यामुळें धांवणाऱ्याचा श्वास स्थिर यंत्राला जोडतां येतो. त्याच्या नाकाला चिमटा लावतात व तोंडांत झडपेची नळी देतात. झडप अशी असते कीं श्वास बाहेरच्या हवेंतून आंत यावा, पण उच्छ्वास मात्र नळींतून पिशवींत किंवा यंत्रांतच जावा. प्रथम कांहीं मिनिटें सावकाश चालवून अंग मोकळें करतात. मग दर एक-दोन मिनिटांनीं पट्ट्याचा वेग तरी वाढवितात, किंवा पुढची बाजू उचलून त्यास चढ तरी देतात. साधारण आठ ते बारा मिनिटांत मनुष्य थकून हात वर करील, अशा बेतानें ही वाढ ठरविलेली असते. याहून लांबविलें तर दम पुरा होण्याआधींच पाय भरून येतात, आणि फारच घाई केली तर शरीरास पूर्ण मजल गांठण्यास अवसर मिळत नाहीं.

पिशवींतल्या हवेवरून हिशेब कसा निघतो, हें एका उदाहरणानें सांगतों. सत्तर किलो वजनाचा एक गृहस्थ शेवटच्या मिनिटांत नव्वद लिटर हवा बाहेर टाकतो असें धरूं. (ही हवा कोरडी करून, शून्य अंश उष्णतेच्या मापावर आणलेली समजावी, नाहीं तर उष्ण व दमट उच्छ्वास फुगलेला असल्यामुळें हिशेब चुकतो.) बाहेरच्या हवेंत शंभर भागांत सुमारें २०.९ भाग प्राणवायु असतो. त्याच्या उच्छ्वासांत तो १७ भाग उरला. म्हणजे आंत गेलेला प्राणवायु सुमारें १८.८ लिटर, बाहेर आलेला १५.३ लिटर, आणि शरीरानें ठेवून घेतलेला साडेतीन लिटर. आंत गेलेली हवा मोजलेलीच नसते; मग ती कशी कळली, असें चाणाक्ष वाचक विचारतील. नत्रवायु शरीर घेतही नाहीं व निर्माणही करीत नाहीं. म्हणून बाहेर पडलेल्या नत्रवायूवरून आंत गेलेल्या एकूण हवेचें माप काढतां येतें. साडेतीन लिटरांस सत्तरांनीं भागलें कीं दर किलो वजनास मिनिटाला पन्नास मिलिलिटर ही संख्या येते. स्वतःचें ओझें स्वतःच वाहावयाचें असल्यामुळें लहानमोठ्या माणसांची तुलना या संख्येनेंच करतात. हल्लीं मनगटावरील घड्याळेंही असा एक आंकडा दाखवितात. पण तीं श्वास मोजीत नाहींत. नाडी व वेग यांवरून बांधलेला तो केवळ अदमास होय.

या परीक्षेंत चुका होतात त्या ठराविक असतात. धांवणाऱ्यानें बाजूचा कठडा धरला कीं अंगाचा भार हातांवर जातो. मग पट्ट्याच्या वेगावरून व चढावरून दम किती असावा असा कोणी अंदाज केल्यास तो वास्तविकाहून मोठा निघतो. नळीशेजारून हवा गळत असेल तर उच्छ्वासाचा कांहीं भाग हिशेबाबाहेर पडतो आणि आंकडा उगाच लहान येतो. सर्वांत मोठी चूक म्हणजे मनुष्य खरोखर थकण्याआधींच थांबणें. ती ओळखावयाची कशी? पट्ट्याचा चढ वाढला असतांही प्राणवायूचा खर्च वाढला नाहीं, तर मजल गांठली हें निश्चित. परंतु पुष्कळांच्या परीक्षेंत असा सपाट भाग दिसतच नाहीं. अशा वेळीं बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड व घेतलेला प्राणवायु यांचें प्रमाण पाहतात. खऱ्या अटोकाट श्रमांत तें एकाच्या वर, बहुधा १.१ च्या पुढें जातें. तें ०.९५ वरच राहिलें असेल, तर मनुष्य थकला नसून कंटाळला असें समजावें. त्याहून चांगला उपाय असा कीं, कांहीं वेळ विसांवा देऊन पहिल्याहून थोड्या अधिक चढावर त्यास पुन्हां धांववावें. या खेपेसही आंकडा तोच आला तर संशय फिटला. प्रौढ किंवा हृदयविकाराची शंका असलेल्या माणसाची ही परीक्षा मात्र डॉक्टर जवळ असल्याखेरीज करूं नये.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. प्राणवायूची वाट तीन ठाण्यांची आहे. फुफ्फुस तो हवेंतून रक्तांत भरतें, हृदय तें रक्त स्नायूंकडे लोटतें, आणि स्नायु रक्तांतून तो उचलून घेतात. डॅलसच्या पांच तरुणांची सरासरी मर्यादा आरंभीं मिनिटास ३.३ लिटर होती. तीन आठवड्यांच्या अंथरुणानें ती २.४ लिटरांवर आली. ताप नाहीं, लंघन नाहीं, आणि तरीही चवथाईहून अधिक दम गेला! मग ढासळलें कोणतें ठाणें? अटोकाट श्रमांत हृदय पूर्वी मिनिटास २० लिटर रक्त लोटीत होतें. तें आतां १४.८ लिटरच लोटूं लागलें. स्नायु मात्र दर लिटर रक्तांतून पूर्वीइतकाच, सुमारें १६५ मिलिलिटर, प्राणवायु उचलीत होते. नाडीची कमाल गतीही उतरली नव्हती. उतरला तो प्रत्येक ठोक्यास बाहेर पडणाऱ्या रक्ताचा घोट : १०४ मिलिलिटरांवरून ७४ वर. पुढें व्यायामानें तो १२० वर गेला आणि सरासरी मर्यादा ३.९ लिटर झाली. त्यांतही बैठे तिघे २.५ वरून १.७ वर घसरून शेवटीं ३.४ वर चढले, आणि तयारीचे दोघे ४.५ वरून ३.५ वर येऊन शेवटीं ४.७ पर्यंतच पोहोंचले. ज्याचें भांडें अर्धें रिकामें असतें त्यांत अधिक मावतें.

स्नायूंना अधिक रक्त मिळालें असतें तर त्यांनीं घेतलें असतें काय? होय. केवळ एका मांडीच्या पुढल्या स्नायूंना काम देऊन पाहिलें असतां, ते आपल्या वजनाच्या मानानें इतकें रक्त ओढतात कीं सर्व शरीरांतील स्नायूंनीं तशीच मागणी केल्यास कोणाचेंही हृदय पुरें पडणार नाहीं. म्हणून पूर्ण श्रमाच्या वेळीं मज्जासंस्था स्नायूंतील रक्तवाहिन्या आंवळून धरते. एरवीं रक्ताचा दाबच कोसळेल. सामान्य माणसाचें फुफ्फुस, धाप लागत असली तरी, येथें सहसा दोषी नसतें. अखेरच्या क्षणींही त्यांतून निघणारें रक्त प्राणवायूनें जवळजवळ भरलेलें असतें.

पराकाष्ठेच्या तयारीच्या धांवपटूंत मात्र गोष्ट कधीं कधीं उलटते. त्यांचें हृदय एवढें रक्त लोटतें कीं तें फुफ्फुसांतून घाईनें निघून जातें आणि पुरतें भरत नाहीं. अमेरिकेंत १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत अशा धांवपटूंना शेंकडा २६ भाग प्राणवायूची हवा दिली, तेव्हां त्यांची मर्यादा दर किलोस सुमारें ७० वरून ७५ वर गेली. कमी तयारीच्या माणसांस तीच हवा देऊन विशेष लाभ झाला नाहीं. एक ठाणें फार वाढलें कीं गर्दी शेजारच्या ठाण्यावर होते, ती अशी.

डॅलसचे तेच पांच जण तीस वर्षांनीं, १९९६ सालीं, पुन्हां तपासले गेले. पन्नाशीस आलेल्या या गृहस्थांचीं वजनें पुष्कळ वाढलीं होतीं. तरी त्यांची सरासरी मर्यादा २.९ लिटर होती. तीस वर्षांच्या वयोमानानें जेवढें नेलें नाहीं, तेवढें तारुण्यांतील तीन आठवड्यांच्या अंथरुणानें नेलें होतें! शिवाय नुकसानीची जागाही निराळी होती. हृदय मिनिटास २१.४ लिटर, म्हणजे तरुणपणाहून किंचित् अधिकच, रक्त लोटीत होतें. पण स्नायु दर लिटरांतून १३८ मिलिलिटरच प्राणवायु उचलीत होते. सहा महिन्यांच्या बेताच्या व्यायामानें मर्यादा पुन्हां ३.३ लिटरांवर आली, आणि ती मुख्यतः स्नायूंची उचल सुधारल्यामुळें आली. विसाव्या वर्षीं व्यायामानें गांठलेली उंची मात्र त्यांपैकीं एकासही पुन्हां गांठतां आली नाहीं.

तेव्हां अंथरुणांतून उठलेल्या मुलाला जिन्यावर धाप लागली, तर छाती कमजोर झाली असें समजून त्यास आणखी झोपवून ठेवण्याची घाई करूं नये. ज्वराचा मुक्काम हलला आहे, डॉक्टरांनीं हिंडण्याफिरण्याची परवानगी दिली आहे, एवढें पाहून त्यास रोज थोडें थोडें चालवावें. त्याच्या हृदयाचा आटलेला घोट पडून राहून भरून यावयाचा नाहीं.