कुंडलीविचार : बाराव्या घरांतला शनि

आमच्या जिल्ह्यांत नेवासें तालुक्यांतील शनिशिंगणापूर येथें उघड्या चौथऱ्यावर, छप्पर नसलेल्या जागीं शनिदेवाची शिळा उभी आहे. त्यामुळें शनीचें नांव या भागांत लहान मुलांच्याहि तोंडीं असतें; पण तें बहुधा भयानेंच घेतलें जातें. मुलाच्या टिपणांत शनि बाराव्या घरीं निघाला म्हणजे घरांतील वडील मंडळी चिंताक्रांत होतात. कारण उघड आहे. बारावें घर हें व्ययाचें. खर्च, दूरदेशचा वास, एकांत आणि बंधन हीं सर्व त्याच घरांत पाहिलीं जातात. ही चिंता कितपत खरी, हें आज एका सर्वांस ठाऊक असलेल्या कुंडलीवरून आम्ही पाहणार आहों.

लोकमान्य टिळकांचा जन्म रत्नागिरीस 23 जुलै 1856 रोजीं, शके 1778 आषाढ वद्य षष्ठीस, सूर्योदयानंतर सुमारें दोन घटिकांनीं झाला. कुंडली हातीं येतांच फल सांगूं लागूं नये. आधीं लग्न तपासावें. सूर्योदयास जी रास उदय पावते तींतच सूर्य असतो. त्या दिवशीं सूर्य कर्केंत, सुमारें आठव्या अंशावर होता. दोन घटिकांत, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांत, लग्न सुमारें बारा अंश पुढें सरकतें. म्हणून तें कर्केच्या विसाव्या अंशाच्या आसपास आलें. लग्न कर्क ठरलें. शनि त्या वेळीं मिथुनेंत होता, आणि कर्केपासून मिथुन बारावी. हाच जन्म पांच घटिकांनीं झाला असता तर लग्न सिंह होऊन तोच शनि अकराव्या, म्हणजे लाभाच्या घरीं गेला असता! शनि एका राशींत सुमारें अडीच वर्षें राहतो. त्या अवधींत जन्मलेल्या सर्वांची शनीची रास एकच. घर मात्र दर दोन तासांच्या सुमारास पालटतें. यास्तव रास ही एका पिढीची गोष्ट सांगते आणि घर त्या एकट्या माणसाची, असें समजावें.

आतां रास पाहूं. शनि तुळेंत उच्च, मेषेंत नीच आणि मकर व कुंभ या राशींत स्वगृहीं. मिथुन यांपैकीं कांहींच नाहीं. परंतु ती बुधाची रास आहे व बुध हा शनीचा मित्र. बुधाकडे वाणी, लेखन व गणित. तेव्हां बाराव्या घराचा एकांत आणि मिथुनेचें लेखन यांची सांगड घालून जुना ज्योतिषी म्हणेल, कीं या माणसास बंधन घडेल, पण तेथें तो रिकामा बसणार नाहीं.

तिसरी गोष्ट स्वामित्वाची. कर्क लग्नास मकर सातवी व कुंभ आठवी; म्हणून शनि हा सप्तमेश व अष्टमेशहि झाला. सप्तमेश व्ययस्थानीं गेला म्हणजे पत्नीचा वियोग सांगतात. चौथी गोष्ट दृष्टीची. शनि आपल्या स्थानापासून तिसऱ्या, सातव्या व दहाव्या घराकडे पूर्ण दृष्टीनें पाहतो. मिथुनेपासून दहावी मीन, आणि तेथें या कुंडलींत चंद्र व स्वगृहींचा गुरु एकत्र आहेत. चंद्र म्हणजे मन. मनावर शनीची दृष्टि असली म्हणजे दोन फळें संभवतात : गुरूची सोबत नसेल तर भीति व खिन्नता, असेल तर शिस्त व सोशिकपणा. केवळ "चंद्रावर शनीची दृष्टि" एवढें वाचून मूल भित्रें होईल असें सांगणारा अर्धेंच टिपण वाचतो.

आतां प्रत्यक्ष काय घडलें तें पडताळून पाहूं. 22 जुलै 1908 रोजीं मुंबईच्या हायकोर्टांत टिळकांस सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या दिवशीं गोचरीचा शनि मीनेंत, म्हणजे त्यांच्या जन्मराशींतच होता. साडेसातीचा हा मधला टप्पा होय. पुढें त्यांस मंडालेस ठेवण्यांत आलें. 1910 च्या नोव्हेंबरापासून 1911 च्या मार्चापर्यंत त्यांनीं तेथें 'गीतारहस्या'चें हस्तलिखित केलें. त्या महिन्यांत शनि मेषेंत, नीच राशींत होता. पण कर्क लग्नास मेष हें दहावें, कर्माचें स्थान. 1912 सालीं ते कारागृहांत असतांनाच त्यांची पत्नी इकडे निवर्तली. जून 1914 मध्यें ते सुटले तेव्हां शनि वृषभ व मिथुन यांच्या सीमेवर होता. ग्रंथ 1915 सालीं प्रसिद्ध झाला, त्या वेळीं शनि आपल्या जन्मकालच्या मिथुनेंत पुरता आलेला होता.

शनीची एक फेरी साडेएकोणतीस वर्षांची. दोन फेऱ्यांस एकूणसाठ. साठीच्या आसपास प्रत्येकाचा शनि मूळ राशींत परत येतो, आणि त्याचें उशिरा मिळणारें फळ येथेंच पाहावें असें म्हणतात. शनि मिथुनेंत असतांनाच 31 मे व 1 जून 1916 रोजीं टिळकांनीं आमच्या अहमदनगर शहरांत (ज्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे) स्वराज्यावर व्याख्यानें दिलीं. बेळगांवच्या व या व्याख्यानांवरून सरकारनें त्यांच्याकडून वीस हजारांचा जातमुचलका व दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. त्याच जुलैंत साठीनिमित्त लोकांनीं त्यांस एक लक्ष रुपयांची थैली अर्पण केली, आणि नोव्हेंबरांत हायकोर्टानें जामिनाचा हुकूम रद्द केला. थैली व मुचलका एकाच महिन्यांत. शनीचें फळ नुसतें गोड नसतें तें असें.

येथें दोन मर्यादा सांगणें आमचें कर्तव्य आहे. पहिली : 1897 च्या सप्टेंबरांत टिळकांस दीड वर्षाची शिक्षा झाली, तेव्हां शनि वृश्चिकेंत, चंद्रापासून नवव्या घरीं होता, साडेसाती मुळींच नव्हती. म्हणजे प्रत्येक संकट साडेसातीवर लादणें अयुक्त, आणि ज्याचें चरित्र आधींच ठाऊक आहे त्याच्या कुंडलींत जुळणाऱ्या गोष्टी शोधणें सोपें असतें, हेंहि विसरूं नये. दुसरी मर्यादा अयनांशाची. टिळकपंचांगाचे अयनांश चित्रापक्षाच्या पंचांगाहून सुमारें चार अंशांनीं कमी; त्यामुळें त्या पंचांगांत ग्रह तेवढा पुढें दिसतो. 1914 च्या सुटकेच्या वेळचा शनि आम्हीं सीमेवर सांगितला तो यामुळेंच : टिळकपंचांगाच्या मानानें तो मिथुनेंत नक्की गेलेला होता, चित्रापक्षानें जेमतेम उंबरठ्यावर. जन्मकुंडलींतला शनि मात्र दोन्ही मानांनीं मिथुनेच्या मध्यावर पडतो, म्हणून त्याबद्दल वाद नाहीं.

आपल्या घरच्या टिपणांत शनि राशीच्या पहिल्या वा शेवटच्या चार अंशांत असल्यास प्रथम पंचांग कोणतें हें विचारावें. लग्न राशीच्या कडेशीं असल्यास जन्मवेळ कोणीं व कोणत्या घड्याळावरून टिपली तें विचारावें. या दोन प्रश्नांचीं उत्तरें मिळेपर्यंत शनि कोणत्या घरीं आहे हें मुलाच्या कानीं घालूं नये.