आधी कारण, मग दुरुस्ती

बेळगावच्या उद्यमबागेतल्या बहुतेक कारखान्यांत मार्चअखेरचे दृश्य सारखेच असते. दोन दिवस इश्यू बंद, मशीन शॉपमधली माणसे मोजणीला आणि रात्री उशिरापर्यंत याद्या. यादी जुळली नाही की कमी-जास्तीची गोळाबेरीज होते. एका आयटममध्ये चाळीस नग कमी आणि दुसऱ्यात पस्तीस जास्त असले, तरी रुपयांत फरक किरकोळ दिसतो आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. प्रत्यक्षात तिथे एक नाही, दोन चुका असतात. त्यांतली एक जुलैतली असेल, तर मार्चमध्ये तिचा माग काढणे जवळपास अशक्य असते. चलन बांधून कपाटात गेलेले असते आणि त्या पाळीतल्या माणसाला काही आठवत नसते.

यावर उपाय म्हणजे सायकल काउंट, म्हणजे वर्षभर रोज थोडे थोडे मोजणे. हिशेब करून पाहू. समजा स्टोअरमध्ये ९०० आयटम आहेत. किमतीने जड असलेले ९० आयटम वर्षातून सहा वेळा, मधले १८० तीन वेळा आणि उरलेले ६३० एकदा मोजायचे ठरवले, तर वर्षाच्या १,७१० मोजण्या होतात. कामाचे दिवस २८५ धरले, तर रोज सहा आयटम. सकाळची पाळी सुरू होण्याआधी दोन माणसांना हे काम पुरते. पथ्ये दोनच. मोजणाऱ्याच्या कागदावर पुस्तकी शिल्लक छापायची नाही, कारण समोर आकडा दिसला की हात त्याच आकड्यापाशी थांबतो. आणि मोजणी संपेपर्यंत त्या आयटमचा इश्यू थांबवायचा.

मोजणीची पद्धत एवढीच. खरे काम फरक सापडल्यावर सुरू होते, आणि आपल्याकडे गडबड होते ती तिथेच. टॅलीत ‘फिजिकल स्टॉक’ व्हाउचर टाकले की पुस्तक त्या दिवशीच्या मोजणीशी जुळते आणि फरक दिसेनासा होतो. तो का पडला हे मात्र तसेच राहते. म्हणून हे व्हाउचर शेवटी टाकायचे. आधी टाकले तर काय होते, ते एका उदाहरणावरून पाहू. आकडे नमुन्याचे आहेत, पण अशी प्रकरणे या भागातल्या स्टोअरकीपरला नवी नाहीत.

हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बॉडीचे कास्टिंग. पुस्तकात ४१२ नग, मोजणीत ३६९. फरक ४३ नगांचा. पहिली पायरी म्हणजे दुसऱ्या माणसाकडून फेरमोजणी, तीही स्टोअरसोबत मशीन शॉप, तपासणीचे टेबल आणि गेटजवळची जागा धरून. आकडा तोच आला, म्हणजे प्रश्न कागदात आहे.

दुसरी पायरी बाहेर गेलेल्या मालाची. आपल्या भागात इथे एक हुकमी खूण मिळते. बेळगाव-निपाणीचा माल जॉबवर्कसाठी कागल किंवा कोल्हापूरला जातो, तेव्हा तो राज्याची हद्द ओलांडतो. दुसऱ्या राज्यातल्या जॉबवर्करकडे माल पाठवताना किंमत कितीही असो, ई-वे बिल लागतेच. त्यामुळे स्टोअरने चलन पुस्तकात चढवले नसले, तरी पोर्टलवर त्याची नोंद असते. महिन्याची ई-वे बिलांची यादी चलनबुकाशी लावून पाहिली, तर कागलला गेलेले २४ नग सापडले. चलन फाडले होते, चढवायचे राहिले होते. उरला फरक १९. फरक दिसताक्षणी व्हाउचर टाकले असते आणि हे चलन नंतर, नोंद करतानाच्या तारखेने चढवले असते, तर हे २४ नग दोनदा वजा झाले असते. पुढच्या मोजणीत तेवढेच नग ‘जास्त’ निघाले असते.

तिसरी पायरी रिजेक्शनची. मशिनिंग करताना ब्लो होल निघालेले १२ नग लाल रंगाच्या ट्रेमध्ये पडून होते. ते बाद झाले म्हणून मोजणीत धरले नव्हते, पण रिजेक्शन नोट निघाली नव्हती. ते फौंड्रीला परत पाठवायचे म्हणजे पुरवठादाराच्या खात्यावर डेबिट नोट. उरले ७.

चौथी पायरी सहसा कोणी तपासत नाही. कास्टिंग येते किलोवर आणि जाते नगावर. स्टोअर ४.८ किलोला एक नग धरून ६०० किलोच्या लॉटचे १२५ नग चढवते. पण मोल्ड सैल रॅम झाला की कास्टिंग फुगते आणि जड होते. त्या लॉटमधले दहा नग काट्यावर ठेवले, तर सरासरी पाच किलो भरली. म्हणजे आले १२० नग आणि चढले १२५. पाच नग आलेच नव्हते, पण जास्तीच्या लोखंडाचे पैसे मात्र गेले. इथे दुरुस्ती पुस्तकाची नाही, इनवर्डच्या पद्धतीची: प्रत्येक लॉट वजनाबरोबर नगानेही मोजून घ्यायचा आणि वजन वाढले की फौंड्रीशी बोलायचे.

शेवटी २ नग उरले आणि त्यांचे कारण मिळाले नाही. तेवढ्यांपुरतेच, जबाबदार माणसाच्या सहीने, व्हाउचर टाकायचे. हरवलेल्या किंवा खर्ची टाकलेल्या मालावरचे जीएसटीचे इनपुट क्रेडिटही परत करावे लागते, हे अकाउंट्सला त्याच दिवशी कळवायचे. ४३ नगांचे एकदम व्हाउचर टाकले असते, तर कागलला सुरक्षित असलेला मालही नुकसानीत गेला असता.

निपाणीच्या तंबाखू गोदामात मात्र ही पद्धत जशीच्या तशी चालत नाही. पावसाळ्यात पाला ओलावा धरतो, उन्हाळ्यात सुकतो, आणि वजन कोणी हात न लावताही बदलते. अडचण अशी की ‘घट’ म्हटले की प्रश्न संपतो आणि त्या शब्दाआड काहीही खपते. त्यावर साधा तोडगा आहे. प्रत्येक लॉटची पोती आधी संख्येने मोजायची. संख्या कमी भरली, तर हवामानाचा संबंधच नाही. मग लॉटमधली काही पोती खूण करून तशीच न उघडता ठेवायची आणि दर महिन्याला तीच वजन करायची. समजा खुणेची पोती तीन टक्क्यांनी उतरली आणि लॉट सात टक्क्यांनी, तर तीन टक्के हवेचे. उरलेल्या चार टक्क्यांचे उत्तर गोदामाने द्यायचे.

वार्षिक मोजणी लगेच सोडावी का? पहिले वर्ष दोन्ही चालवा. ऑडिटरला मोजणीच्या तारखेपेक्षा तिच्यामागच्या नोंदी महत्त्वाच्या वाटतात. ज्या कंपन्यांना कारो २०२० लागू आहे, त्यांच्या ऑडिटरला मालाची पडताळणी वाजवी अंतराने झाली का, हे सांगावे लागते. मालाच्या एखाद्या वर्गात एकूण दहा टक्के किंवा अधिक फरक निघाला, तर तो खात्यात नीट हाताळला का, हेही लिहावे लागते. बँकेची खेळत्या भांडवलाची मर्यादा पाच कोटींवर असेल, तर तिमाही स्टॉक स्टेटमेंट पुस्तकाशी जुळते का, हा प्रश्नही येतो. वर्षातून एकदा मोजणाऱ्याकडे जूनच्या स्टेटमेंटमागे कसलाच आधार नसतो.

म्हणून एकच नोंदवही वेगळी ठेवा: तारीख, आयटम, फरक, सापडलेले कारण, बदललेली पद्धत. सहा महिन्यांनी ती चाळली की कारणे चार-पाचच निघतात, आणि त्यांतली निम्मी इनवर्ड किंवा जॉबवर्कच्या टेबलावर उगम पावलेली असतात. एखाद्या कारणासमोरचा शेवटचा रकाना रिकामा राहत असेल, तर मोजणी चालू आहे पण काम झालेले नाही. ती वही मार्चमध्ये ऑडिटरपुढे ठेवा आणि दोन दिवस इश्यू बंद ठेवण्याची गरज उरली आहे का, ते त्यांच्याशी बसून ठरवा.