चौरस वाराचे चौरस फूट

लोणंदला जागेचं बोलणं गुंठ्यात चालतं, जाहिरात चौरस फुटांत लागते आणि जुनं खरेदीखत उघडलं की आकडा निघतो चौरस वारांत. माझ्या मावसभावाला घराशेजारचा जुना प्लॉट विकायचा होता. खतात क्षेत्र '२०० चौ. वार' लिहिलं होतं. जाहिरातीचा मजकूर करून देणाऱ्याने '२,१५३ चौरस फूट' असं लिहून आणलं. भाव १,५०० रुपये फूट.

मला आकडा खटकला तो गुंठ्यामुळे. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट किंवा १२१ चौरस वार. दोनशे वार म्हणजे दीड गुंठ्याच्या थोडं पुढे. २,१५३ फूट मात्र जवळजवळ दोन गुंठे होतात. एवढी जागा तिथे नव्हती, हे गल्लीतलं कोणीही सांगेल.

चूक गुणाकाराची नव्हती, एककाची होती. २०० ला १०.७६४ ने गुणलं होतं आणि हा आकडा चौरस मीटरसाठी लागतो. वार तीन फुटांचा. एक वार लांब, एक वार रुंद चौकोन आखून त्यात फुटाच्या रेघा मारल्या, तर तीन ओळींत तीन-तीन असे नऊ चौकोन पडतात. म्हणून वाराला ९ ने गुणायचं: २०० गुणिले ९, म्हणजे १,८०० चौरस फूट. (वारात तीन फूट म्हणून ३ ने गुणणारेही भेटतात, त्यांचा प्लॉट ६०० फुटांचा होतो.)

खताच्या नकाशावर बाजू ४० आणि ४५ फूट होत्या. त्यांचा गुणाकारही १,८००. मालमत्ता पत्रकावर १६७.२ चौरस मीटर. त्याला १०.७६४ ने गुणलं की १,७९९.७ येतात, उरलेला फरक दशांशाचा. तीन कागद एकच जागा सांगतात, म्हणजे हिशेब बरोबर.

जाहिरात तशीच गेली असती तर ३५३ फूट हवेत विकले जाणार होते, म्हणजे पाच लाख एकोणतीस हजार पाचशे रुपये. मोजणीच्या दिवशी ते उघडं पडतं, तोवर विसार दिलेला असतो आणि दोन घरांत वाकडं येतं.

भावाचंही तसंच, फक्त उलटं. वाराला १३,५०० रुपये भाव असेल, तर फुटाचा भाव काढताना नवाने भागायचं.

गुणाकार बरोबर असला तरी तो कागदावरच्या क्षेत्राचाच असतो. रस्त्यात गेलेली पट्टी किंवा तिरकी हद्द त्यात दिसत नाही, त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच हवी.

जागा विकणाऱ्यांना एवढीच विनंती: जाहिरातीत चौरस फुटांच्या शेजारी खतातला आकडा त्याच्या एककासह छापा. घेणाऱ्याला तो नवाने पडताळता येईल.